कुलूप बाहेरून हलवून पाहावे

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरी आणि गल्लीत 'याला मोबाईलमधलं सगळं कळतं' अशी माझी उगाचच ख्याती आहे. कुणाचा अर्ज भरून दे, कुणाचा दाखला काढून दे, ही कामे मी हौसेने करीत आलो. ही ख्याती किती पोकळ आहे ते मला या वर्षी कळले. ज्या प्रसंगाने कळले तो आपल्या मासिकात सांगावा असे वाटते, कारण मी केलेली चूक वर्गावर्गांतून रोज होत असते आणि ती झाली हे करणाऱ्याला कळतही नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर झाले. शिबिरार्थींची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही बावन्न जण होतो. मी गूगल ड्राइव्हवर एक तक्ता तयार केला. त्यात नाव, मोबाईल, पालकांचा मोबाईल, पत्ता, रक्तगट आणि शेवटचा रकाना 'आजार व चालू औषधे'. शेजारी एक फोल्डर केला आणि प्रत्येकाने आपल्या आधार कार्डाचा फोटो त्यात टाकावा असे सांगितले. एकेकाचा ईमेल विचारीत बसण्यापेक्षा सोपे म्हणून मी तक्ता आणि फोल्डर दोन्हींना 'लिंक ज्याच्याकडे असेल त्याला उघडता येईल' अशी परवानगी देऊन टाकली, तीही नुसती पाहण्याची नव्हे तर लिहिण्याची. दोन्ही लिंक वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकल्या. दोन दिवसांत यादी पूर्ण झाली आणि सरांनी पाठ थोपटली. शिबिर झाले, अहवाल गेला, आणि तो तक्ता मी विसरून गेलो.

या वर्षीच्या शिबिराची नोंदणी सुरू झाली तेव्हा कुणीतरी 'माहिती अशी भरायची असते' म्हणून माझा गेल्या वर्षीचा संदेश नवीन मुलांच्या गटावर पुढे पाठविला. संध्याकाळी प्रथम वर्षाचा एक मुलगा ग्रंथालयाच्या दारात मला म्हणाला, "दादा, तुमची जुनी यादी अजून उघडते. कुणाला कसला आजार आहे ते पण दिसतंय."

त्याच सुमारास आमच्या वर्गातील एका मुलीला अनोळखी नंबरांवरून फोन येत होते. त्या फोनांचा माझ्या यादीशी संबंध होता हे मला सिद्ध करता येत नाही, आणि नव्हता असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिने मला एवढेच विचारले, "माझा नंबर तिथून काढलास का रे?" मी त्याच रात्री तक्ता डिलीट केला आणि तिला 'हो' म्हणून कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रथम वर्षाचा मुलगा म्हणाला, "दादा, अजून उघडतंय."

येथून पुढे मला जे शिकावे लागले ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अशी की फाईल, तिची लिंक आणि तिची परवानगी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. फाईल म्हणजे घर, लिंक म्हणजे घराचा पत्ता, आणि परवानगी म्हणजे दाराची कडी. गूगलच्या तक्त्याची लिंक पाहिली तर तिचे रूप साधारण असे असते:

```
https://docs.google.com/spreadsheets/d/1AbC...xYz/edit?usp=sharing
```

`/d/` च्या पुढे अक्षरे आणि आकडे यांची जी लांबलचक माळ असते ती त्या फाईलची ओळख होय. ती इतकी लांब असते की कुणी अंदाजाने ताडू शकत नाही. पण ताडण्याची गरजच काय? आपणच ती शंभर जणांच्या गटावर टाकतो, आणि संदेश पुढे पाठवायला एक बोट पुरते. ही ओळख फाईल जिवंत असेतो बदलत नाही. फाईलचे नाव बदला, तिला दुसऱ्या फोल्डरात ठेवा, आतला मजकूर सगळा पुसून नवा लिहा, पत्ता तोच राहतो. तेव्हा जुनी लिंक 'जुनी झाली' म्हणून आपोआप मरत नाही. आपण वापरतो त्या साध्या खात्यात 'लिंक असलेल्या कुणालाही' या परवानगीला मुदत घालण्याची सोयही नाही. कडी आपणच लावावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे डिलीट करणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. डिलीट केलेली फाईल टोपलीत जाते. या टोपलीला काही फोनांवर `Bin` आणि काहींवर `Trash` म्हणतात. तेथे ती तीस दिवस राहते आणि मग आपोआप कायमची जाते. पूर्वी फाईल टोपलीत कितीही काळ पडून राहत असे; हा तीस दिवसांचा नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. परंतु खरी मेख निराळीच आहे. फाईल टोपलीत असताना मालकाला वाटते ती गेली, कारण त्याच्या नेहमीच्या यादीत ती दिसत नाही. पण ज्यांना ती पाहण्याची परवानगी होती त्यांना ती उघडता येतच राहते, अगदी कायमची पुसली जाईपर्यंत. म्हणजे मी त्या मुलीला 'हो' म्हटले तेव्हा फक्त माझ्याच डोळ्यांवर पडदा ओढला होता. बाहेरच्यांना दार उघडेच होते.

यावर दोन मार्ग आहेत. फाईल पुन्हा लागणारच नसेल तर टोपलीत जाऊन तिच्यावर `Delete forever` हा पर्याय वापरावा. मग ती कुणालाच उघडत नाही, आपल्यालाही नाही. फाईल ठेवायची असेल तर तिची कडी लावावी. मला दुसरा मार्ग घ्यावा लागला, कारण सरांनी सांगितले की शिबिराची नोंद कार्यालयाला लागते, ती नष्ट करू नकोस. तेव्हा मी आधी तक्ता टोपलीतून परत आणला. येथे एक ध्यानात ठेवावे: टोपलीतून परत आलेली फाईल आपल्या जुन्या परवानगीसकट परत येते. परत आणली म्हणजे कोरी झाली असे नव्हे.

कडी लावण्याची रीत सोपी आहे. संगणकावर फाईलवर उजवी कळ दाबून `Share` निवडावे. फोनवर फाईलच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत `Manage access` असते. जी चौकट उघडते तिच्यात वरच्या भागात माणसांची नावे असतात आणि खाली `General access` असे लिहिलेले असते. तेथे `Anyone with the link` दिसत असेल तर दार सताड उघडे आहे असे समजावे. त्यावर दाबून `Restricted` निवडले की लिंक असूनही परक्याला फाईल उघडत नाही. वरच्या भागातील नावेही वाचून घ्यावीत. ज्यांना आपण ईमेलने नावानिशी परवानगी दिली ते `Restricted` केल्यावरही आत येऊ शकतात. शिवाय ज्याला लिहिण्याचा, म्हणजे `Editor` चा अधिकार दिला असेल तो, आपण वेगळे बंधन घातले नसेल तर, आणखी माणसे आत घेऊ शकतो. मला माझ्या चौकटीत दोन अशी नावे सापडली जी मी घातलेली नव्हती. आपल्याच मित्रांनी सोयीसाठी घातली होती, तरी मी ती काढली.

मग फोल्डरकडे वळलो. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या फाईलींना वारशाने मिळते. म्हणून फोल्डर `Restricted` केला की त्या वारशाने उघडे असलेले आधार कार्डांचे फोटो परक्यांना बंद झाले. पण एखाद्या फाईलला फोल्डराखेरीज स्वतःची वेगळी परवानगी दिलेली असेल, तर फोल्डराबरोबर तीही बंद झाली असे गृहीत धरू नये. तिची चौकट उघडून पाहावी. आणखी एक अडचण मालकीची. फोल्डर माझा असला तरी त्यात टाकलेल्या फोटोचा मालक तो टाकणारा विद्यार्थी असतो. मी फोल्डर डिलीट केला तरी त्याचा फोटो नष्ट होत नाही, त्याच्या खात्यात राहतो. म्हणून मला बावन्न जणांना सांगावे लागले की आपापला फोटो आपणच काढा आणि टोपलीही रिकामी करा.

एवढे करून मी तक्त्याची लिंक पुन्हा उघडून पाहिली. उघडली! क्षणभर पोटात गोळा आला. मग उमगले की मी माझ्याच खात्यातून पाहत होतो. मालकाला आपले घर नेहमीच उघडे असते, त्यामुळे आपल्या खात्यातून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

माझे आबा एका गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार आहेत. हा सगळा गोंधळ मी त्यांना जेवताना सांगितला. लिंक म्हणजे काय ते त्यांना कळले नसावे, पण ते म्हणाले, "कुलूप लावलं म्हणून निघून जायचं नसतं. बाहेर जाऊन एकेक दार हलवून बघायचं. आतून सगळी दारं बंदच दिसतात." मला जे दोन दिवस उमगत नव्हते ते त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितले.

बाहेरून हलवून पाहण्याची रीत अशी. क्रोम ब्राउझरमध्ये `New Incognito tab` उघडावा. त्यात आपले खाते नसते, म्हणजे आपण परके असतो. जुन्या संदेशातील लिंक तेथे चिकटवावी. गूगलने खात्याची ओळख मागितली तर कडी लागली आहे. मजकूर सरळ दिसला तर लागलेली नाही. दुसऱ्या कुणाच्या खात्यातून पाहिले तर बंद फाईलवर 'परवानगी हवी' अशा अर्थाचे पान येते आणि `Request access` असे बटण दिसते. ते बटण कुणी दाबले तर आपल्याला ईमेल येतो. त्याला घाईत होकार देऊ नये, नाव वाचावे.

माझ्या तक्त्याने ही परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाला. मी निःश्वास टाकला. त्या प्रथम वर्षाच्या मुलाला म्हटले, आता बघ. त्याने पाहिले आणि मान हलवली. "ही उघडत नाही दादा, पण दुसरी उघडते."

दुसरी? त्याच्या फोनवरची लिंक मी निरखून पाहिली. ती अशी होती:

```
https://docs.google.com/spreadsheets/d/e/2PACX-.../pubhtml
```

ही माझ्या लिंकेसारखी नव्हती. `/d/` च्या पुढे `e/2PACX` आणि शेवटी `pubhtml`. चौकशी करता कळले की शिबिराच्या वेळी आमच्या एका हुशार मित्राने, फोनवर यादी झटकन दिसावी म्हणून, तक्त्यातील `Publish to web` ही सोय वापरली होती. त्याला लिहिण्याचा अधिकार मीच दिलेला होता, तेव्हा त्याला ते करता आले. या सोयीने तक्त्याचे एक वेगळे, सर्वांना दिसणारे पान तयार होते. तक्त्यात आपण बदल केला की थोड्या वेळाने तो त्या पानावरही उतरतो. आणि मुख्य म्हणजे हे पान `Share` च्या चौकटीला जुमानत नाही. पुढचे दार `Restricted` करा, हे मागचे दार उघडेच राहते. वेगळे काही निवडले नसेल तर एकाच पानाऐवजी सगळा तक्ता, सर्व रकान्यांसह, प्रसिद्ध होतो. म्हणजे 'आजार व चालू औषधे' हा रकानाही.

हे दार बंद करण्यासाठी संगणकावर तक्ता उघडावा, `File` मध्ये `Share`, त्यात `Publish to web` निवडावे. चौकटीच्या तळाशी `Published content and settings` असते. ते उघडले की `Stop publishing` हे बटण दिसते. ते दाबल्यावर मी पुन्हा परका होऊन दोन्ही लिंका हलवून पाहिल्या. यावेळी दोन्ही बंद होत्या.

पुढच्या आठवड्यात आणखी एक खड्डा चुकता चुकता राहिला. सरांना यादी पाहायची होती. माझे बोट सवयीने `Anyone with the link` कडे गेले. वेळीच आठवले की फाईलची ओळख बदललेली नाही. मी कडी काढली असती तर सरांबरोबर ती जुनी लिंक ज्यांच्या ज्यांच्या फोनवर पडून आहे त्या सर्वांना पुन्हा वाट मिळाली असती. बंद केलेली लिंक मेलेली नसते, झोपलेली असते. म्हणून मी सरांचा ईमेल घालून फक्त त्यांनाच परवानगी दिली. कधी पुष्कळांना नव्याने दाखवणे भागच असेल तर फाईलची प्रत काढावी. प्रतीला नवी ओळख मिळते, म्हणजे जुना पत्ता निरुपयोगी. मात्र प्रत ज्या फोल्डरात पडेल त्या फोल्डराची परवानगी तिला चिकटते, म्हणून ती उघड्या फोल्डरात काढू नये. आणि प्रत काढण्याआधी नको ते रकाने गाळावेत.

आता कुणी विचारील, जुन्या लिंका शोधायच्या कोठे? आपल्याला काय काय उघडे टाकले ते आठवत नसते. मला सापडलेला उपाय साधा आहे. उघडी फाईल धोक्याची होते ती तिची लिंक कुठेतरी पाठविलेली असते म्हणून. तेव्हा पाठविल्या जागीच शोधावे. व्हॉट्सअॅपच्या शोधपट्टीत `drive.google.com` आणि मग `docs.google.com` असे लिहिले की फोनवर साठलेल्या संभाषणांतील त्या लिंका समोर येतात. ईमेलच्या पाठविलेल्या पत्रांतही तसेच शोधावे. मी शोधले तेव्हा माझ्या स्वतःच्या मालकीच्या अकरा फाईली निघाल्या. त्यांत अकरावीतल्या सहलीची वर्गणी होती, एका चुलतभावाच्या शिष्यवृत्तीसाठी चढवलेला त्याच्या बँकेच्या पासबुकाचा फोटो होता, आणि एका मैत्रिणीच्या जातीच्या दाखल्याची प्रत होती. प्रत्येकीपुढे मी वहीत तीन खुणा केल्या: कडी लावली, मागचे दार पाहिले, बाहेरून हलवले. एका संध्याकाळचे काम झाले.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती लपवून उपयोग नाही. कडी लावल्याने यापुढचे येणे थांबते, आधी येऊन गेलेल्याने काय उचलून नेले ते परत येत नाही. लिंक उघडी असताना कुणी तक्ता फोनवर उतरवून घेतला असेल, स्वतःच्या खात्यात त्याची प्रत काढली असेल किंवा पडद्याचा फोटो घेतला असेल, तर त्यावर माझ्या कोणत्याही बटणाचा अधिकार चालत नाही. त्या प्रतीचा मालक आता तो आहे. म्हणून खरी काळजी फाईल करतानाच घ्यायची. या वर्षीच्या शिबिरासाठी मी तक्त्याची लिंक पाठविलीच नाही. गूगल फॉर्म केला. त्यात प्रत्येक जण आपली माहिती भरतो आणि ती जमा होते ती माझ्याकडे. एकाला दुसऱ्याची दिसत नाही. फक्त उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखविण्याची सोय बंद आहे ना ते तपासून घ्यावे. आजारांविषयी फॉर्ममध्ये काहीच विचारले नाही. ज्याला सांगायचे त्याने ते सरांना समक्ष सांगावे असे ठरले.

सर्व आटोपल्यावर मी त्या मुलीला भेटलो. पहिल्या वेळेसारखे घाईने 'हो' म्हणालो नाही. तिला सांगितले की यादी आता परक्या कुणालाही उघडत नाही, मी बाहेरून पाहून खात्री केली आहे. पण ती आठ-नऊ महिने उघडी होती आणि त्या काळात कुणी प्रत घेतली असेल तर ते मला कळण्याचा मार्ग नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "निदान या वेळी खरं सांगितलंस." तिने नंबर बदलला आहे. नवा नंबर तिने मला दिलेला नाही, आणि मीही तो मागितलेला नाही.